पुढे की मागे?

माटुंग्याच्या फुलबाजारात गजरा बांधणाऱ्या हातांचं चित्रीकरण करणं ही जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्याची खरी परीक्षा आहे. त्यात तो बहुधा नापास होतो. गंमत अशी की तोच कॅमेरा, तीच लेन्स घेऊन, त्याच हातांचा स्थिर फोटो पापणी लवायच्या आत नेमका काढतो.

मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनाबाहेर पूर्वेला फुलांच्या दुकानांची जी वर्दळ आहे, तिथे संध्याकाळी उभं राहून हे पाहता येतं. मोगऱ्याच्या कळ्यांचा ढीग, शेजारी अबोली, मध्येच मरव्याच्या हिरव्या काड्या, आणि वर पांढरा दिवा. बांधणाऱ्याची बोटं इतक्या सराईतपणे चालतात की दोऱ्याची गाठ कधी पडली ते कळतच नाही. समजा हातात कॅनन ६००डी आहे, २०११ साली बाजारात आलेला आणि अजूनही पुष्कळ घरांच्या कपाटात सापडणारा. त्यावर ५० मिलिमीटर, एफ १.८ ची स्वस्तातली जुनी लेन्स. डोळा व्ह्यूफाइंडरला लावून बटण अर्धं दाबलं की लेन्स एकदा 'खर्र' करते, बीप वाजतो, कळ्यांच्या कडा लखलखीत दिसतात. आता लाइव्ह व्ह्यूचं बटण दाबा. आतून 'खट्' असा आवाज येतो आणि दृश्य मागच्या पडद्यावर दिसू लागतं. पुन्हा बटण अर्धं दाबा. लेन्स कुरकुरत एका बाजूला जाते, चित्र आणखीच पुसट होतं, मग ती परत फिरते, चित्र स्पष्ट होतं, पुन्हा किंचित पुसट होतं, आणि अखेरीस एकदाचं जागेवर येतं. तोवर गजरा दोन बोटं पुढे सरकलेला असतो.

लेन्स तीच, मोटर तीच, उजेड तोच. मग त्या 'खट्' आवाजात नेमकं काय हरवलं?

ते कळण्यासाठी आधी फोकस म्हणजे किती हालचाल, हे पाहायला हवं. ५० मिलिमीटरची लेन्स दूरच्या आभाळावर रोखली असेल तर तिच्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर, लेन्सच्या हिशेबात, ५० मिलिमीटर असतं. फुलवाल्याचे हात दीड मीटरवर आहेत. तिथे फोकस करायचा तर हे अंतर ५१.७२ मिलिमीटर व्हायला हवं. म्हणजे आभाळापासून हातांपर्यंतचा सगळा प्रवास पावणेदोन मिलिमीटरचा. हात आणखी दहा सेंटिमीटर जवळ आले तर लेन्सनं जेमतेम ०.१३ मिलिमीटर पुढे यायचं. संध्याकाळच्या उजेडात अ‍ॅपर्चर एफ २ वर उघडं ठेवलं, तर या कॅमेऱ्याच्या सेन्सरपाशी चूक खपते ती साधारण ०.०४ मिलिमीटर अलीकडे किंवा पलीकडे एवढीच. बाहेरच्या जगात याचा अर्थ असा की दीड मीटरवर स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे सात सेंटिमीटर जाड आहे. गजरा बांधताना हात सहज त्याच्या आतबाहेर होतात.

आता व्ह्यूफाइंडरमधून पाहताना कॅमेरा हे सूक्ष्म अंतर कसं ओळखतो ते बघू. मला स्वतःला कॅमेऱ्याच्या पोटातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. हात लांब करून एक बोट उभं धरा आणि आळीपाळीनं एकेक डोळा मिटा. मागच्या भिंतीसमोर बोट इकडून तिकडे उडी मारताना दिसतं, आणि बोट जितकं जवळ, तितकी उडी मोठी. दोन जागांवरून पाहिलं की अंतर हे बाजूला सरकण्याच्या रूपात मोजता येतं. कॅमेऱ्याला डोळा एकच असतो हे खरं, पण लेन्सची काच रुंद आहे. तिच्या डाव्या कडेतून आत आलेला प्रकाश आणि उजव्या कडेतून आलेला प्रकाश ही जगाकडे पाहायची दोन वेगळी ठिकाणंच आहेत. एकाच लेन्सच्या दोन कडांना दोन डोळे मानायचं, एवढीच युक्ती.

डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे ४५ अंशांत एक आरसा असतो, तो दृश्य वर व्ह्यूफाइंडरकडे पाठवतो. हा आरसा मध्यभागी पूर्ण अपारदर्शक नसतो. थोडा प्रकाश त्याच्यातून पार जातो आणि त्याच्या पाठीला चिकटलेल्या दुसऱ्या, छोट्या आरशावर पडतो. हा छोटा आरसा तो प्रकाश खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या ऑटोफोकसच्या डबीत सोडतो. या डबीत अगदी लहान भिंगांच्या जोड्या असतात. जोडीतलं एक भिंग लेन्सच्या एका कडेचा प्रकाश घेतं, दुसरं समोरच्या कडेचा, आणि दोघं आपापलं चित्र एका अरुंद, रेघेसारख्या सेन्सरवर पाडतात. या चित्रांत रंग नसतो, पूर्ण दृश्यही नसतं. उजेड-अंधाराचा चढउतार दाखवणारी ती फक्त एक पट्टी असते: कळी, सावली, कळी, दोरा, बोट.

फोकस बरोबर असेल तेव्हा या दोन पट्ट्यांमधलं अंतर ठरलेलं असतं. लेन्स गरजेपेक्षा अलीकडे जुळवत असेल तर पट्ट्या एकमेकींकडे सरकतात, पलीकडे जुळवत असेल तर दूर जातात. कॅमेऱ्यातली चिप एक पट्टी दुसरीवर सरकवून पाहते आणि कुठे ती अचूक बसते ते शोधते. लेन्सवरचे ते दोन 'डोळे' सहा मिलिमीटर अंतरावर आहेत असं धरलं, तर आपल्या हिशेबातल्या ०.१३ मिलिमीटरच्या चुकीमुळे पट्ट्या साधारण १५ मायक्रॉन सरकतील, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या पाचव्या हिश्श्याइतक्या. एवढंसं सरकणं मोजायचं आणि त्यावरून मोटरला हुकूम द्यायचा: पुढे, ०.१३ मिलिमीटर.

इथे दोन गोष्टी एकदम कळल्या. लेन्सनं कुठल्या दिशेला जायचं, आणि किती. दोन्ही उत्तरं एकाच नजरेत, लेन्स जागची हलण्याआधीच. म्हणून तर ती 'खर्र' करून एका दमात पोहोचते. फार लांबून उडी मारायची असेल तर कॅमेरा पोहोचल्यावर पुन्हा एकदा तपासून पाहतो आणि उरलंसुरलं अंतर भरून काढतो, पण चाचपडत नाही. याला फेज डिटेक्शन म्हणतात. १९८५ साली मिनोल्टानं आपल्या ७००० मॉडेलमध्ये ही पद्धत मोटरसकट कॅमेऱ्याच्या अंगातच बसवली, आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत हातानं फोकस करणारे वृत्तपत्रांचे छायाचित्रकार बघता बघता कमी झाले.

या डबीची एक अट मात्र आहे: आरसा खाली हवा. लाइव्ह व्ह्यू सुरू करताना आलेला 'खट्' हा आरसा वर उचलला गेल्याचा आवाज. मुख्य सेन्सरवर सतत दृश्य पडायला हवं, म्हणजे त्याच्या वाटेतला आरसा दूर व्हायला हवा. मोठ्या आरशाबरोबर त्याच्या पाठीचा छोटा आरसाही घडी होऊन वर जातो. तळातल्या डबीत त्या क्षणी अंधार पसरतो. फुलवाल्याच्या दिव्याचा एक कणही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. कॅमेऱ्याचे दोन्ही डोळे मिटले गेले.

उरला तो मुख्य सेन्सर. त्याच्याकडे एक कोटी ऐंशी लाख पिक्सेल आहेत, रंग आहेत, संपूर्ण दृश्य आहे. एवढी श्रीमंती असूनही त्याला एक साधा प्रश्न सोडवता येत नाही: चित्र पुसट आहे हे कळतं, पण लेन्स पुढे न्यायची की मागे? पुसटपणाला दिशा नसते. कळी फोकसच्या दहा सेंटिमीटर अलीकडे असली काय आणि पलीकडे असली काय, सेन्सरवर ती जवळजवळ सारखीच विरघळलेली दिसते.

मग कॅमेरा मोजतो ते वेगळंच. निवडलेल्या चौकटीत शेजारशेजारच्या पिक्सेलमध्ये उजेडाचा किती फरक आहे ते पाहून तो सगळे फरक एकत्र करतो. स्पष्ट चित्रात कळीची पांढरी कड आणि मागची सावली अगदी लागून असतात, त्यामुळे फरक मोठे आणि बेरीज मोठी. पुसट चित्रात कडा पसरतात, फरक लहान होतात, बेरीज घटते. हे कॉन्ट्रास्ट डिटेक्शन. समजा पहिली बेरीज ३४० आली. या एकट्या आकड्याला काहीच अर्थ नाही, कारण या दृश्याची कमाल किती हे माहीत नाही. लेन्स थोडी हलवून पाहायची. ३१० आले, म्हणजे चुकीच्या बाजूला गेलो. परत फिरायचं. ३४०, ४१०, ५२०, ६१०, आणि मग ५८०. आता कुठे कळलं की शिखर ६१० च्या आसपास होतं आणि आपण ते ओलांडून आलो. पुन्हा मागे. जुन्या मर्फी रेडिओवर दूरचं स्टेशन लावताना खुंटी पुढे नेऊन, खरखर वाढल्यावर परत आणायची, तसाच हा प्रकार. स्टेशन ओलांडल्याशिवाय ते सापडलं हे कळत नाही.

पडद्यावर जो पुसट-स्पष्ट-पुसट असा हेलकावा दिसतो तो म्हणजे कॅमेऱ्याचा बिघाड नव्हे. तो या पद्धतीचा अटळ भाग आहे. फोटोग्राफर याला 'हंटिंग' म्हणतात.

वेळेचा हिशेब करून पाहू. सेन्सर सेकंदाला ३० चित्रं वाचतो असं धरलं, तर दर चित्रामागे ३३ मिलिसेकंद. लेन्स आभाळावरून हातांवर आणायची तर पावणेदोन मिलिमीटर चालायचं आहे, आणि शिखर चुकवायचं नसेल तर पाऊल ०.०८ मिलिमीटरहून फार मोठं टाकून चालणार नाही. झाली एकवीस-बावीस पावलं. दर पावलाला एक चित्र वाचायचं म्हटलं तरी पाऊण सेकंद गेला. प्रत्यक्षात लेन्स थांबून स्थिर व्हायला आणखी एखादं चित्र वाया जातं, म्हणून दीड सेकंद. त्यात सुरुवातीची चुकलेली दिशा आणि शेवटचं मागे फिरणं मिळवा. आणि ही लेन्स जवळात जवळ ४५ सेंटिमीटरवर फोकस करते, म्हणजे तिचा पूर्ण प्रवास सहा मिलिमीटरहून जास्त आहे. कॅमेरा आधी चुकीच्या बाजूला थेट टोकापर्यंत गेला तर काय होईल, ते सांगायला नको. हुशार कॅमेरे आधी मोठी पावलं टाकून डोंगर कुठे आहे ते बघतात आणि मग लहान पावलं टाकतात, त्यानं वेळ घटतो, पण चाचपडणं संपत नाही.

त्यात लेन्सची घडण आड येते. ही लेन्स ज्या काळात बनली तेव्हा तिच्याकडून एकच अपेक्षा होती: तळातल्या डबीनं सांगितलं की धावायचं आणि खटकन थांबायचं. तिच्यातली छोटी मोटर दातेरी चाकांमधून काचा हलवते. दिशा बदलताना चाकांच्या दातांमधली किंचित फट आधी भरावी लागते, मग काचा हलतात. एकदाच उडी मारायची असेल तर ही फट कुणाला जाणवत नाही. पण बारीक पावलं टाकत पुढे-मागे करायचं म्हटलं की दर वळणावर ती नडते. आणि चित्रीकरण करताना कॅमेऱ्याचा मायक्रोफोन लेन्सपासून जेमतेम वीतभर अंतरावर असतो. फुलवाल्याच्या आवाजापेक्षा मोटरची कुरकुर मोठी रेकॉर्ड होते.

इथे कुणीही विचारेल की मग लग्नातले जुने हँडीकॅम कसे चालायचे? त्यांच्यातही बहुतेक कॉन्ट्रास्ट डिटेक्शनच असे, तरी मंगलाष्टकांपासून पंगतीपर्यंत सगळं बरं दिसायचं. उत्तर सेन्सरच्या आकारात आहे. ६००डीचा सेन्सर २२ मिलिमीटर रुंद आहे, घरगुती हँडीकॅमचा कित्येकदा चारही मिलिमीटर भरत नसे. सेन्सर इतका लहान असला की तेवढंच दृश्य टिपायला लेन्सही फार छोट्या फोकल लेंग्थची लागते, आणि स्पष्ट दिसणारा पट्टा सात सेंटिमीटरवरून हातभर, कधी खोलीभर होतो. चुकायला जागाच भरपूर. शिवाय त्या लेन्समधला फोकस करणारा काचेचा तुकडा इतका हलका असे की कॅमेरा त्याला सतत सूक्ष्म थरथरवत ठेवून 'बेरीज वाढते की घटते' हे पाहत राही, आणि आपल्याला ते दिसतही नसे. मोठ्या सेन्सरचं ते मऊ, विरघळलेलं पार्श्वदृश्य, ज्याच्यासाठी लोकांनी डीएसएलआर घेतले, तेच कॉन्ट्रास्ट डिटेक्शनच्या मुळावर आलं.

लाइव्ह व्ह्यूमध्ये एका जागी ठेवलेल्या वस्तूवर निदान उशिरा का होईना फोकस बसतो. चालू चित्रीकरणात त्याहून वाईट अवस्था होते. फोकस शिखरावर बसलाय, बेरीज ६१० आहे. अचानक ती ४५० झाली. हात पुढे आला? मागे गेला? की गिऱ्हाइकानं वाकून मोगरा हुंगला आणि त्याची सावली पडली? आकडा एकच, कारणं तीन, आणि तिसऱ्या कारणात तर लेन्स हलवायचीच नाही. हे ठरवायला लेन्स हलवून पाहण्यावाचून इलाज नाही, आणि चित्रीकरण चालू असताना हलवलं की ते चाचपडणं कायमचं रेकॉर्ड झालं. कॅनननं ६००डीमध्ये चित्रीकरण चालू असताना आपणहून सतत फोकस करायची सोयच ठेवली नाही, ती याच भीतीनं असावी. बटण दाबलं तरच तो शोध घेतो. व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर, २००८ चा निकॉन डी९०, तर रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर ऑटोफोकस करतच नसे.

माटुंग्यात संध्याकाळी आणखी एक छुपा शत्रू असतो, दुकानातले दिवे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त उजळतात. डोळ्याला कळत नाही. पण कॅमेरा ३० चित्रांच्या गतीवर असेल आणि शटरचा वेग त्या लयीशी जुळत नसेल, तर एका चित्रात उजेड जास्त, पुढच्यात कमी पडतो. कॉन्ट्रास्टची बेरीज उजेडाबरोबर वर-खाली होते, आणि कॅमेऱ्याला वाटतं फोकस बिघडला. फ्रेम रेट २५ आणि शटर १/५० ठेवला की प्रत्येक चित्रात बरोबर दोन लहरी बसतात आणि हा भास बराचसा थांबतो. ६००डीमध्ये २५ चा पर्याय दिसत नसेल तर व्हिडिओ सिस्टिम NTSC वरून PAL वर न्यायची. उजेडच फार कमी असेल तर मात्र उपाय नाही: सेन्सरवर दाणे येतात, दाणेही शेजारच्या पिक्सेलमध्ये फरक निर्माण करतात, आणि बेरजेचा डोंगर सपाट होऊन जातो. शिखरच नसेल तर चढायचं कुठे?

इथवर वाचून फेज डिटेक्शन थोर आणि कॉन्ट्रास्ट डिटेक्शन बिचारं असं वाटलं असेल, तर थांबा. तळातल्या डबीची एक मोठी उणीव आहे. ती जे चित्र पाहते ते फोटोचं चित्र नसतंच. प्रकाश दोन वाटांनी जातो: एक वाट आरशांमधून डबीकडे, दुसरी थेट सेन्सरकडे. दोन्ही वाटांची लांबी तंतोतंत सारखी आहे असं डबी गृहीत धरते. छोट्या आरशाचा कोन किंचित बिघडला, लेन्स थोडी वेगळी निघाली, की डबी आत्मविश्वासानं, झटकन, दरवेळी तीच चूक करते. नेम कळ्यांवर, आणि फोकस त्यांच्यामागच्या परडीवर. उलट कॉन्ट्रास्ट डिटेक्शन उशिरा पोहोचतं पण प्रत्यक्ष फोटोच्याच पिक्सेलमध्ये मोजत असल्यामुळे पोहोचल्यावर सहसा अचूक असतं.

याची तपासणी घरी करता येते. कॅमेरा तिपाईवर लावून टेबलावर एखादी छापील पट्टी तिरकी ठेवा, मध्ये एक ठळक खूण. एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून, एक लाइव्ह व्ह्यूमधून फोकस करून, दोन्ही एफ १.८ वर. मधे दरवेळी लेन्स मुद्दाम पुसट करायची. दुसऱ्या फोटोत खूण स्पष्ट आणि पहिल्यात सतत एकाच बाजूला फोकस सरकलेला दिसला, तर दोष डबीच्या जुळणीत आहे. महागड्या डीएसएलआरमध्ये हा फरक मेनूमधून दुरुस्त करता येतो. ६००डीत ती सोय नाही, दुरुस्तीवाल्याकडेच जावं लागतं.

लाइव्ह व्ह्यूमध्येही त्या डबीची मदत घ्यायचा एक मार्ग कॅननच्या मेनूत आहे, Quick mode नावाचा. तो निवडला की बटण दाबल्यावर आरसा क्षणभर खाली पडतो, पडदा काळा होतो, डबी मोजून घेते, लेन्स उडी मारते, आरसा पुन्हा वर. खटाखट. फोटोसाठी ठीक आहे. रेकॉर्डिंग चालू असताना हे शक्यच नाही, कारण तेवढा वेळ सेन्सरसमोर आरसा आलेला असतो. २०१० मध्ये सोनीनं आपल्या ए५५ मध्ये आरसा हलवायचाच नाही असं ठरवलं: अर्धपारदर्शक, कायम एका जागी, बहुतेक प्रकाश पार सेन्सरकडे आणि थोडा वर डबीकडे. डोळे उघडे राहिले, पण प्रत्येक फोटोत थोडा प्रकाश कमी झाला.

खरा तोडगा असा होता की ते दोन डोळे सेन्सरच्याच आत न्यायचे. फुजीफिल्म आणि निकॉननं २०१०-११ च्या सुमारास सेन्सरवरच्या काही पिक्सेलना ही कामगिरी दिली. २०१३ मध्ये कॅननच्या ७०डीनं त्याही पुढची मजल मारली. त्याच्या दोन कोटी पिक्सेलपैकी बहुतेक प्रत्येक पिक्सेल मधोमध उभा दोन भागांत विभागलेला आहे, वर भिंग मात्र एकच. त्या सूक्ष्म भिंगामुळे डाव्या अर्ध्या भागाला लेन्सच्या एका बाजूचा प्रकाश मिळतो, उजव्याला दुसऱ्या बाजूचा. सगळे डावे भाग मिळून एक चित्र, सगळे उजवे मिळून दुसरं. दोन्हींमधलं सरकणं मोजलं की दिशा आणि अंतर मिळतं, आणि दोन्ही भागांची बेरीज केली की फोटोचा नेहमीचा पिक्सेल मिळतो. आरसा नको, वेगळी डबी नको, दोन वाटांच्या लांबीचा घोळ नाही. फेज डिटेक्शनची दिशा आणि कॉन्ट्रास्ट डिटेक्शनचा प्रामाणिकपणा एकाच ठिकाणी आले. हात पुढे आला की मागे गेला हे चित्रागणिक कळत असल्यानं लेन्स हेलकावे न खाता सावकाश, डोळ्याला न खुपता सरकू शकते. पॅनासॉनिकनं मात्र चिवटपणे कॉन्ट्रास्टवरच भिस्त ठेवली, पुसटपणाच्या आकारावरून अंतराचा अंदाज बांधायची स्वतःची युक्ती काढली, आणि २०२३ च्या एस५ टू मध्ये शेवटी सेन्सरवर फेज डिटेक्शन आणलंच.

ज्याच्याकडे ६००डीच आहे त्यानं गजऱ्याचं चित्रीकरण कसं करावं? माझं उत्तर सरळ आहे: ऑटोफोकस बंद. लेन्सवरचा खटका एमएफवर न्यायचा. लाइव्ह व्ह्यूत पडद्यावर दहापट मोठं करून गाठ पडते त्या जागी हातानं कडी फिरवून फोकस करायचा, आणि अ‍ॅपर्चर एफ ५.६ वर आणायचं. दीड मीटरवरचा तो सात सेंटिमीटरचा पट्टा आता वीस सेंटिमीटरचा होतो, आणि हातांची ये-जा त्यात मावते. उजेड आठपट कमी मिळतो, तो आयएसओ वाढवून भरून काढायचा, थोडे दाणे पत्करायचे. शेजारच्या दादरमध्ये फाळक्यांनी १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चे सेट उभारले तेव्हा हातानं कडी फिरवण्यावाचून पर्यायच नव्हता, आणि आजही मोठ्या चित्रपटांच्या सेटवर फोकस सांभाळायला वेगळा माणूस असतो, अंतरं मोजून आणि खुणा करून.

नवा कॅमेरा घेतला म्हणजे हे सगळं विसरता येईल असं मात्र नाही. दोन पट्ट्या जुळवायच्या तर पट्टीत जुळवण्यासारखं काही हवं. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर दोन्ही पद्धती आंधळ्या. आणि पिक्सेल डावा-उजवा विभागलेला असेल तर त्याला बाजूला सरकणं कळतं, वर-खाली सरकणं कळत नाही. रात्री दुकानं बंद झाल्यावर लोखंडी शटरवर असा कॅमेरा रोखून पाहा. आडव्या पट्ट्याच पट्ट्या. त्या डावीकडे सरकल्या काय, उजवीकडे सरकल्या काय, दिसायला सारख्याच. इतका आधुनिक कॅमेरा तिथे जुन्या ६००डीसारखा अडखळू शकतो. मग कॅमेरा उभा धरायचा, आडव्या पट्ट्या त्याच्या दृष्टीनं उभ्या होतात. उभा धरल्यावर त्या त्याला दिसतात खऱ्या, पण शटरच्या सगळ्या पट्ट्या हुबेहूब एकसारख्या असल्यानं कधीकधी तो एक पट्टी सोडून शेजारच्याच पट्टीशी जोडी जुळवतो आणि खात्रीनं चुकीच्या अंतरावर जाऊन थांबतो. अशा वेळी नेम शटरच्या कुलपावर धरायचा. कुलूप एकच असतं.